मदत हवी आहे: पाच पासपोर्टांचा हिशेब जुळत नाहीये

घरातले पाच पासपोर्ट नूतनीकरणाला आलेत. सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. रकमा बाजूला ठेवून मोठ्यांची फी १०० धरली, तर मुलांची ६७ पडते. म्हणजे नुसती फी ४३४. फोटोंचे २५ आणि एकाच दिवशी सगळे गेलो तर गाडीचे ४०, एकूण ४९९.

एजंट माणशी १५० मागतोय, 'सगळं धरून'. म्हणजे ७५०. पण बोटांचे ठसे द्यायला आम्हालाच जावं लागणार, त्यामुळे गाडीचे ४० वेगळेच. फॉर्म भरणं नि तारीख घेणं एवढ्यासाठी जवळपास ३०० जास्त? शिवाय त्या 'सगळं'मध्ये सरकारी फी आहे की नाही, हे तो लेखी देत नाही.

भीती एकच. धाकट्याचा फोटो मागच्या वेळी डोळे अर्धे मिटलेले म्हणून परत आला होता. पुन्हा तसं झालं, तर दुसरी फेरी, आणखी ४०.

थोरलीच्या पासपोर्टाला अजून वर्षभर मुदत आहे. आत्ताच केला तर ते वर्ष वाया जातं की नव्यात धरतात? कुणी संपूर्ण कुटुंबाचे एकदम केलेत का? पाचही जणांना एकाच दिवसाची वेळ मिळाली का?