मुलाला ७ लाख देतोय, मागितले होते २०. हे पत्र पाठवू का?

कृष्णाकाठ (सांगली)
"चि. अमोल, अनेक आशीर्वाद. फ्लॅटसाठी तू २० लाख मागितलेस. आम्ही ७ देतोय, परत करू नकोस. कारखान्यातून सुटताना फंड-ग्रॅच्युइटीचे ३४ लाख आले, पेन्शन जेमतेम २,९००. २२ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत आहेत. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ४५,१०० येतात, म्हणजे महिना १५ हजार. त्यावर घर चालतं. ५ लाख दवाखान्यासाठी बँकेत. तुला २० दिले तर व्याज महिना ६ हजारांवर येईल आणि तुझ्यापुढे हात पसरावा लागेल. आई-बाबा."
ही म्हणते, आकडे खोडा. काय करू?

हळद्या
पोटच्या पोराला कर्ज? व्याज किती लावताय?

कृष्णाकाठ
परत घ्यायचेच नाहीत हो. नीट वाचा.

जावईबापू, पुणे
काका, हिशेब चुकतोय. जास्तीच्या १३ लाखांवर अमोलला साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं महिना ११ हजारांवर हप्ता बसेल. तुम्हाला त्याच १३ लाखांचं व्याज मिळतं ९ हजारांच्या आत. पैसे त्याला द्या, त्याने दरमहा ९ हजार पाठवावेत. घरचा पैसा घरात.

पोस्टातली मावशी
कागदावर जमतंय. पण त्याची नोकरी गेली तर आधी बँकेचा हप्ता जाणार, मग तुमचे ९ हजार. पोस्टाला नोकरी नसते.
काका, माझी हरकत वेगळीच आहे. २२ लाख एकाच खात्यात आहेत का? त्यातून थोडे काढता येत नाहीत, अख्खं खातं मोडावं लागतं. दोन वर्षांनी मोडलं तरी मुद्दलातून १ टक्का जातो. चार खाती असती तर लागेल तेवढं एकच मोडलं असतं. आणि दर पाच वर्षं तोच, किराणा मात्र तोच राहत नाही. आज भागतंय म्हणून सगळं व्याज खर्चू नका.

तासगावचा
आम्ही थोरल्याला बाग विकून सगळं दिलं. पुढं मिरजेत माझं ऑपरेशन निघालं. पोरगा रात्रीतून धावत आला, पण खात्यात हप्त्यापुरतेच पैसे. शेवटी हिच्या पाटल्या गहाण टाकल्या. पोरगा वाईट नाही, अजून मान वर करून बोलत नाही.

जावईबापू, पुणे
म्हणून सगळ्यांनीच गाठोडं धरून बसायचं? पस्तिशीतल्या माणसाला पैसा आत्ताच लागतो.

कृष्णाकाठ
मावशी, मार्चमध्ये एकच खातं काढलं. हिचं नाव जोडीला आहे. आता मोडून चार करू?

पोस्टातली मावशी
वर्षाच्या आत अजिबात नको, दिलेलं व्याजही मुद्दलातून परत कापतात. बँकेतले ५ लाख तरी लाख-लाखाच्या ठेवींत ठेवा. पत्रात आकडे राहू देत, 'हात पसरावा' तेवढं खोडा. सात लाख देऊन वर टोमणा कशाला?

कृष्णाकाठ
ही म्हणते तेच वाक्य ठेवा, आकडे खोडा. पाकीट अजून टीव्हीवर पडून आहे.