'मुगी नो आकी': गव्हाचा शरद की गव्हाची सुगी?

आडवाट: काही जपानी हायकूंचा मराठी अनुवाद करतोय. एका हायकूत 'मुगी नो आकी' हा ऋतुशब्द आहे. 'आकी' म्हणजे शरद, म्हणून मी 'गव्हाचा शरद' केलं. नागोयाला राहणारी मैत्रीण म्हणाली, हा हायकू मे अखेरचा आहे! मग मराठीत काय लिहू?

रानजाई: मैत्रीण बरोबर आहे. हा उन्हाळ्याच्या सुरुवातीचा ऋतुशब्द आहे. तिथे मुगी थंडीच्या तोंडावर पेरतात आणि जूनमधला पाऊस लागायच्या आत कापतात, नाहीतर दाणा ओंबीतच मोडावतो. सगळं रान हिरवं असताना हे एकच शेत पिवळं पडतं. पीक पिकलं, तेव्हा त्याचा 'आकी' आला. बांबूचंही तसंच. नव्या कोंबांना पोसताना जुनी पानं वसंतात पिवळी पडून गळतात, म्हणून 'बांबूचा शरद' हा वसंताचा शब्द आणि 'बांबूचा वसंत' शरदाचा.

जुनी वही: हा सगळा कॅलेंडरचा घोळ आहे. जपानने 1873 मध्ये इंग्रजी कॅलेंडर घेतलं आणि महिने सरकले. 'सामिदारे' म्हणजे पाचव्या महिन्याचा पाऊस, तो आता जूनमध्ये पडतो.

रानजाई: सामिदारेबद्दल मान्य. पण मुगीत महिन्याचं नावच नाही, तिथे पिकाची अवस्था आहे. आणि आडवाट, मुगीत गहू आणि जव दोन्ही येतात, नुसतं 'गहू' लिहिलंत तर अर्थ आखडतो.

शिवारातला: आमच्याकडे गहू होळीच्या सुमारास काढतात. मे महिन्यात शिवारात ढेकळांशिवाय काही नसतं. तुमच्या हायकूत तारीख चुकली असणार.

आडवाट: दादा, शेत जपानातलं आहे. 'गव्हाची सुगी' कसं वाटतं?

जुनी वही: अजिबात नको. मुळात शरद आहे तर शरदच ठेवा. उन्हाळ्यातला शरद वाचून वाचक थबकतो, तेच तर हवं. सुगीत ते थबकणं जातं.

रानजाई: जपानी वाचक थबकत नाही, त्याला शब्द ओळखीचा आहे. मला सुगी आवडली. पण तिच्यातून पिवळा रंग दिसत नाही, हे खटकतं. शिवाय जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर गहू जुलै-ऑगस्टमध्ये कापतात, तरी ऋतुशब्दांच्या कोशात तो उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच.

जुनी वही: 'सुगी' तरी कुठे शुद्ध मराठी? सु + युग, म्हणजे चांगला काळ.

कृष्णाकाठ: नाही हो, कन्नडमध्ये 'सुग्गी' आहे, तीच आपली सुगी. माझी आजी भातकापणीलाच सुगी म्हणायची, दिवाळीच्या आसपास.

शिवारातला: आमची सुगी ज्वारीची, माघ-फाल्गुनातली. भाताला कोण सुगी म्हणतं?