मदत हवी आहे: फ्लॅटमध्ये पिल्लाला शी-शूची सवय लावायला कुठलं पुस्तक घेऊ?

टिळकवाडी_दुसरा_मजला
नमस्कार. शनिवारी गल्लीतल्या कुत्रीचं आठ आठवड्यांचं पिल्लू घरी आणलंय. आमच्या घरात कुत्रा पहिल्यांदाच. पहिली लस झाली आहे, पण लसी पूर्ण होईपर्यंत खाली जमिनीवर सोडू नका असं डॉक्टरांनी बजावलंय. आम्ही दोघं नोकरीला जातो. दिवसभर सासूबाई घरी असतात, दुपारनंतर मुलं. हॉलमध्ये पेपर पसरलेत. पेपरवर थोडं करतो, बाकी सगळं पायपुसण्यावर आणि चटईवर. पुस्तकं चाळली तर जिकडे तिकडे "दार उघडून अंगणात न्या" एवढंच. दुसऱ्या मजल्यावरच्या माणसानं कुठलं पुस्तक घ्यावं? सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, हेही लक्षात घ्या.

अनगोळ_नाका
पुस्तक कशाला? खाण्याच्या वेळा ठरवा, म्हणजे शीच्या वेळा आपोआप ठरतात. दिवसभर वाटी भरून ठेवू नका. आणि चटईवर केलं की तिथंच नाक घासायचं, दोन दिवसांत कळतं. मालक कोण ते पहिल्यापासून कळायला पाहिजे.

शहापूरकर
वेळांचं अनगोळकरांनी बरोबर सांगितलं. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा ठरलेल्या वेळी द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी वाटी उचला. नाक घासणं मात्र कृपा करून नको. पाच मिनिटांपूर्वीच्या शूचा आणि आत्ताच्या रागाचा संबंध पिल्लाला लागत नाही. माणसासमोर केलं की मार पडतो, एवढंच ते शिकतं. मग सोफ्यामागे जाऊन करतं, आणि पुढे बाहेर नेलं तरी तुमच्या देखत करत नाही. "मालक कोण" हा विचार कोंडून ठेवलेल्या लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांवरून आला. त्याचा प्रसार ज्यांच्या पुस्तकानं झाला, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी स्वतःच तो पुढे चुकीचा ठरवला.

आता पुस्तक. एकच घ्यायचं तर इयान डनबार यांचं 'बिफोर अँड आफ्टर गेटिंग युवर पपी'. ते 2004 मध्ये आलं. फ्लॅटवाल्यांसाठी त्यातला महत्त्वाचा भाग म्हणजे घरात पिल्लाची दोन ठिकाणं करणं. कोणी लक्ष ठेवायला नसेल तेव्हा पिल्लू एका मोठ्या बंदिस्त जागेत राहतं. तिथं अंथरूण, पाणी आणि लांबच्या कोपऱ्यात संडासाची जागा असते. कोणी घरात असेल तेव्हा ते छोट्या पिंजऱ्यात झोपतं आणि दर तासाला बाहेर येतं. पिंजऱ्यात उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं की पुरे. मोठा घेतला तर एका कोपऱ्यात झोपेल आणि दुसऱ्यात करेल.

पेपर का फसतात ते सांगतो. पिल्लाला पायाखाली काय लागतं, त्यावरून सवय जडते. पेपर, पायपुसणं, चटई हे त्याच्या पायाला सारखंच लागतं. डनबार म्हणतात, मोठेपणी जिथं करायचं आहे तोच पृष्ठभाग आतापासून द्या. गवतावर जाणार असेल तर हरळीचा तुकडा, फुटपाथवर जाणार असेल तर सिमेंटची फरशी. बेळगावात बहुतेक माती-गवतच मिळणार, म्हणून नर्सरीतून साधारण दोन बाय तीन फुटांची हरळी आणून काठ असलेल्या ट्रेमध्ये बाल्कनीत ठेवा. आधी कठड्याला जाळी लावा, एवढं पिल्लू गजांमधून सहज निसटतं.

निपाणी_वेस
आमचा लॅब्राडोर सात महिन्यांचा आहे, चपला नि सोफ्याची उशी फाडतो. त्यालाही पिंजऱ्यात ठेवू का? पुस्तकात काय दिलंय?

शहापूरकर
निपाणीकर, तुमचा प्रश्न वेगळा आहे, नवीन धागा काढा. सध्या एवढं करा, त्याच्या जेवणाचा निम्मा भाग पोकळ रबरी खेळण्यात भरून द्या. चावायचं तर त्याला आहेच, चावायला काय मिळतं ते तुमच्या हातात आहे.

टिळकवाडी_दुसरा_मजला
हरळी आणली, पेपर उचलले. सासूबाईंनी काल सकाळची नोंद मराठीत लिहून ठेवली, तशीच देते:
7:05 उठला, ट्रेवर शू. बक्षीस आत आल्यावर दिलं.
7:40 खाल्लं.
7:45 मुलांशी खेळला.
7:58 चटईवर शी.
8:30 ट्रेपाशी नेलं, काही नाही. आत सोडल्यावर दाराजवळ शू.
चुकतंय कुठं?

शहापूरकर
सासूबाईंची वही कुठल्याही पुस्तकापेक्षा कामाची आहे. तीन गोष्टी दिसतात.

7:05 ला सगळं बरोबर झालं, फक्त बक्षीस चुकीच्या जागी मिळालं. आत येऊन दिलं तर आत येण्याचं बक्षीस झालं. शू संपताक्षणी, ट्रेपाशीच द्यायचं. पुस्तकात सुकवलेल्या लिव्हरचे तुकडे सांगितलेत. तुम्ही हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या, नाहीतर पनीर.

7:58 ची शी होणारच होती. खाऊन पाच ते तीस मिनिटांत पोट हलतं, आणि खेळण्यानं आणखी लवकर. खाल्ल्यावर आधी ट्रे, मग मुलं.

8:30 हीच नवख्यांची नेहमीची चूक. ट्रेपाशी दोरी धरून गप्प उभं राहा, तीन मिनिटं. बोलू नका, खेळवू नका. केलं तर बक्षीस आणि मग घरात मोकळं. नाही केलं तर मोकळं सोडायचं नाही. पिंजऱ्यात किंवा मांडीवर ठेवा आणि पंधरा मिनिटांनी परत न्या. शू साठलेली असताना सोडलं, म्हणून दाराजवळ झालं.

चटई साध्या फिनाईलनं पुसू नका. वास झाकला जातो, कुत्र्याला तो तरी येतोच, आणि फिनाईल चाटलं तर विषारी. एंझाइमचा क्लीनर आणा, नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग. तोवर चटई गुंडाळून ठेवा.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी थेंब-थेंब होत असेल किंवा कुंथत असेल, तर तो सवयीचा प्रश्न नाही. डॉक्टरांना दाखवा.

खानापूर_रानवाट
बाल्कनीत ट्रेची सवय लागली की कुत्रं बाहेर करतच नाही. फिरून येतं आणि घरी येऊन ट्रेवर बसतं. लसी संपल्या की ट्रे काढून टाका.

शहापूरकर
तसं होतं, मान्य. म्हणून ट्रेमधली थोडी वास लागलेली हरळी खाली जिथं न्यायचं तिथं टाकायची आणि सकाळचं पहिलं शू तिथं करवायचं. पण जुलैत आपल्याकडे आठ-आठ दिवस झड लागते. ट्रे पूर्ण काढावा का, याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही.

खानापूर_रानवाट
पावसातही न्यावं. छत्री धरली की जातं.

अनगोळ_नाका
नाक घासायचं मागे घेतो. पण पिल्लाच्या औषधपाण्यासाठी हेच पुस्तक चालेल का?

शहापूरकर
त्यासाठी नको. परदेशी पुस्तकांत आपल्याकडच्या गोचीड तापाचं फारसं काही नसतं. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, जंताचं औषध वजनावर, हे तुमचे डॉक्टर आणि लसीचं कार्ड ठरवतील. स्वयंपाकघरापुरतं सासूबाईंना सांगा, कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट अजिबात नाही. कांदा घातलेल्या रश्श्यात कालवलेला भातही नाही.

टिळकवाडी_दुसरा_मजला
आजची नोंद: सकाळपासून सातदा ट्रेवर, एकदा स्वयंपाकघरात. सासूबाईंनी "खाल्लं की ट्रे, उठलं की ट्रे, खेळलं की ट्रे, झालं नाही तर मोकळं नाही" असं मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलंय. रात्री दोनला रडतो, तेव्हा शू लागली की सोबत हवी, हे कसं ओळखायचं?

शहापूरकर
या वयात रात्री एकदा लागतेच. दिवा न लावता, न बोलता ट्रेपाशी न्या. तीन मिनिटांत केलं तर शूच लागली होती. नाही केलं तर पिंजरा आपल्या पलंगाशेजारी सरकवा आणि हात खाली सोडून झोपा.