अनुभव धागा: कच्चं मडकं, म्हणजे शंका आली की श्रद्धा कमी होते का?

गोदाकाठची
काल एकादशीच्या कीर्तनात गोरोबाकाकांची परीक्षा ऐकली आणि शाळेत असताना डोक्यात अडकलेला प्रश्न पुन्हा वर आला. तेरला संत जमलेत, मुक्ताबाई थापटण्याकडं बोट दाखवून विचारते हे कशाला, काका म्हणतात मडकं कच्चं का पक्कं बघायला. मग एकेकाच्या डोक्यावर थापटणं. सगळे गप्प, नामदेव तेवढे रागावले. निकाल: हे मडकं कच्चं! मांडवात एका पोरानं विचारलं, "रोज देवाशी बोलणारा माणूस कच्चा कसा?" महाराज म्हणाले शंका घ्यायची नसते, आणि पुढचा अभंग धरला. पोरगं खाली बसलं.
तुमच्या तुमच्या परंपरेत शंकेचं नेमकं काय करतात ते लिहा. घरच्या कहाण्या कमी, माहिती जास्त.

चार_तास_कीर्तन
चार तास मांडी घालून बसल्यावर शंका येणारच ताई. मंडपवाल्यांनी मागच्या बाजूला सोय करायला पाहिजे 😄

गोदाकाठची
ती शंका नव्हं हो!!

चाकावरचा
आमचा धंदा मडक्याचा आहे म्हणून सांगतो. थापटणं भाजलेल्या मडक्याला लावतच नाहीत. चाकावरून उतरलेलं मडकं थोडं वाळलं की आतून दगडाचा गोटा धरायचा, बाहेरून थापटण्यानं ठोकत ठोकत पोट वाढवायचं. म्हणजे थापटणं हे घडवायचं हत्यार. पारख करायची तर बोटाचं पेर वाजवायचं. भाजलेलं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं.
आता फरक बघा. तडा गेलेलं फेकून देतात, कच्चं भट्टीत जातं. काकांनी नामदेवांना फुटकं म्हणलं नाही, कच्चं म्हणलं. कच्च्यात पाणी भरलं की भिजून माती होते, एवढाच त्याचा दोष.

नांदेड_हिंगोली
वर बरोबर धरलंय. पण गोष्ट तिथं संपत नाही. नामदेव रुसून पंढरपूरला गेले, देव म्हणाला गुरू कर, विसोबा खेचराकडं जा. औंढ्या नागनाथाला गेले तर म्हातारा पिंडीवर पाय टाकून झोपलेला. नामदेव चिडले. विसोबा म्हणाला, बाबा मला उठवत नाही, जिथं देव नाही तिथं माझे पाय नेऊन ठेव. जिथं पाय ठेवावेत तिथं पिंड.
सगळे इथं "देव सर्वत्र आहे" म्हणून थांबतात. मला वाटतं मुद्दा वेगळा आहे. नामदेवांची श्रद्धा कमी नव्हतीच, उलट घट्ट होती. पण ती एका मूर्तीला, एका गावाला बांधलेली होती आणि तिला कुणी प्रश्नच विचारला नव्हता. विसोबानं तो विचारला.
आणि हा विसोबा कोण? कथेत तो आधी ज्ञानेश्वर भावंडांचा वैरी. मांडे भाजायला भांडं मिळू दिलं नाही, मग मुक्ताबाईनं ज्ञानोबांच्या पाठीवर मांडे भाजले, ते बघून पालटला. घट्ट श्रद्धाळूला गुरू मिळाला तो एकेकाळचा संशयी. कथा आहे हे मान्य, पण कथा रचणाऱ्यांनी माणूस निवडून ठेवलाय.

बार्शीवाला
विसोबाची समाधी बार्शीला आहे. औंढा औंढा काय लावलंय.

नांदेड_हिंगोली
समाधी बार्शीला, भेट औंढ्याला, असं आमच्याकडं सांगतात. तुमच्याकडं भेट पण बार्शीलाच सांगत असतील तर राहू द्या 🙏

गीताप्रेमी
एवढं कशाला पाहिजे. संशयात्मा विनश्यति. चौथा अध्याय, ४०वा श्लोक. विषय संपला.

गोदाकाठची
त्याच अध्यायात सहा श्लोक वर जावा की. ३४वा: ज्ञान मिळवायचं ते प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा यांनी. परिप्रश्न म्हणजे उलटसुलट, सगळीकडून विचारणं. एकाच अध्यायात विचारायला सांगतात आणि संशयाला नाश म्हणतात, म्हणजे दोन्ही एक नसणार. शिवाय ४०व्यात संशयात्म्याच्या आधी अज्ञ आणि अश्रद्ध असे दोन शब्द आहेत, ते पाठ म्हणताना गिळले जातात. आणि शेवटी अठराव्यात देव काय म्हणतो? याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर.

गीताप्रेमी
परिप्रश्न गुरूला. मांडवात उठून नाही.

गोदाकाठची
हे मात्र तुमचं अर्धं पटलं.

तर्कशुद्ध_लातूर
यात बुद्ध सगळ्यात सरळ. कालाम नावाच्या लोकांना सांगितलं, कशावर विश्वास ठेवू नका, फक्त तर्काला पटेल तेच घ्या. बाकी धर्मांत शंका पाप, बुद्धात शंका हाच धर्म.

नागसेनवन
दादा, मोबाईलवर फिरणारं चित्र वाचलं वाटतं. कालाम सुत्तात दहा गोष्टी येतात ज्यांच्या एकटीच्या आधारावर मानू नका: ऐकीव आहे, परंपरेनं आलंय, ग्रंथात आहे, आपला गुरू सांगतो वगैरे. त्या दहांत तर्क पण आहे! मग धरायचं काय, तर ही गोष्ट केल्यानं लोभ, द्वेष, मोह वाढतो का, अहित होतं का, जाणते लोक निंदा करतात का, हे स्वतः बघायचं. ऐकणारे कालाम आधीच गोंधळलेले होते, गावात येणारा प्रत्येक जण दुसऱ्याला खोटं ठरवून जायचा. त्यांना तुमची शंका रास्त आहे असं बुद्ध म्हणतात, हे खरं.
पण शंकेतच राहा असं म्हणत नाहीत. विचिकित्सा म्हणजे शंका, हे पाच नीवरणांपैकी, म्हणजे मनाच्या अडथळ्यांपैकी एक. त्याला उपमा दिलीय गढूळ, ढवळलेल्या पाण्याच्या भांड्याची, आणि ते भांडं अंधारात ठेवलेलं. त्यात माणसाला स्वतःचं तोंड दिसत नाही. पाणी फेकायचं नाही, निवळू द्यायचं आणि उजेडात आणायचं.

तर्कशुद्ध_लातूर
तर्क पण दहात आहे हे माहीत नव्हतं. वाचतो.

नागसेनवन
आणि विचारायची रीत बघायची तर भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा मिलिंद राजा. औरंगाबादच्या आमच्या कॉलेजला बाबासाहेबांनी त्याचं नाव दिलं, उत्तर देणाऱ्या भिक्षूचं नाही. परिसराला नागसेनवन म्हणतात, म्हणजे दोघंही आले. चर्चेला बसताना नागसेन अट घालतो: पंडितासारखं बोलणार असशील तर बोलू, राजासारखं असेल तर नाही. राजा विचारतो फरक काय. पंडितांच्या वादात एक जण गुंडाळला जातो, त्याची चूक काढतात, तो दुरुस्त करतो आणि चिडत नाही. राजा एक मुद्दा धरून बसतो आणि जो मान्य करणार नाही त्याला शिक्षा. मिलिंद म्हणतो, पंडितासारखं.
मांडवातल्या पोराला ही अट कुणी देऊ केलीच नाही. तिथं महाराज राजे झाले.

कचनेर_पदयात्री
आमच्या जैनांत याची वाटणीच केलेली आहे. सम्यक्त्व म्हणजे खरी श्रद्धा, तिचे पाच अतिचार, त्यात पहिला शंका. पण अतिचार म्हणजे डाग, भंग नव्हे. भंगाला अनाचार म्हणतात, ती पायरी वेगळी. डाग प्रतिक्रमणात, म्हणजे चुका आठवून पश्चात्ताप करताना, धुतात. आणि स्वाध्यायाचे पाच प्रकार आहेत त्यात दुसरा पृच्छना, म्हणजे विचारणं, आणि स्वाध्याय मोडतो तपात. मनात कुजवली तर दोष, विचारली तर तप.
महावीरांचे अकराही गणधर, म्हणजे मुख्य शिष्य, वाद घालायला आलेले ब्राह्मण पंडित, प्रत्येकाच्या मनात एकेक शंका. इंद्रभूती गौतमाची तर थेट जीव आहे का नाही हीच.

मणी_१०८
माझं जरा वेगळं. माळ ओढताना ५०-६० मणी झाले की वाटतं एक सुटला. परत मेरूपासून. कधी कधी एका माळेला पाऊण तास. ही श्रद्धा कमी आहे का जास्त?

गोदाकाठची
ताई, धागा देवाबद्दलच्या शंकेचा आहे, पण राहू द्या, कुणाला माहीत असेल तर सांगा.

उर्दू_मीडियम_बीड
याला आमच्यात वसवसा म्हणतात आणि त्याचे नियम ठरलेले आहेत. मूळ कायदा एकच, यकीन शकनं उडत नाही. वुजू म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं. तो केला होता हे पक्कं, तुटला का नाही याचा शक, तर वुजू आहे. उलट तुटला हे पक्कं आणि परत केला का याचा शक, तर करा.
नमाजमध्ये कितवी रकात, म्हणजे कितवी फेरी, ते विसरलं तर हनफी पंथाची रीत अशी. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजच्या, चार रकाती फर्ज, तुम्ही उभे, ही तिसरी का चौथी? नेहमी असं होत असेल तर मन जिकडं जास्त झुकतं ते धरा. कुठंच झुकत नसेल तर कमी धरा, म्हणजे तिसरी. पण ती चौथी असू शकते म्हणून तिच्यानंतर बसा, मग उठून एक आणखी पढा, परत बसा आणि शेवटी सजदा-ए-सहू, म्हणजे विसरल्याबद्दलचे दोन सजदे. सलाम फिरवून झाल्यावर शक आला तर तिकडं बघायचंच नाही. पहिल्यापासून सुरू करा, हे रोजच्या शकवाल्याला सांगत नाहीत, कारण दर खेपेला नव्यानं सुरू केलं की वसवसा आणखी वाढतो.
आणि ताई, देवाबद्दलच्या शंकेचं पण आहे. पैगंबरांचे साथी, सहाबा, त्यांना म्हणाले, आमच्या मनात असं येतं की तोंडानं बोलायची भीती वाटते. उत्तर मिळालं, हेच तर खुलं ईमान. म्हणजे त्या विचाराची तुम्हाला भीती वाटते यातच ईमान दिसतं. इब्राहीम अलैहिस्सलामनी तर अल्लाहलाच विचारलं, मेलेल्याला जिवंत कसं करतोस दाखव. तुझा ईमान नाही का? आहे, पण दिल को इत्मिनान हो.

मणी_१०८
कमी धरून पुढं जायचं. हे करून बघते. आमच्याकडं असं कुणी सांगितलं नाही.

औषधाचं_दुकान
बघा, पण पाऊण तास रोजचा होत असेल आणि हात धुणं, कडी बघणं यातही तेच होत असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवा. तो आजार आहे, औषध आहे. श्रद्धेचा संबंध नाही.

नांदेड_हिंगोली
परत नामदेव, कारण निम्मी गोष्ट राहिली. आमच्याकडं हजूर साहिबला जे ऐकायला मिळतं ते वारीत कमी ऐकायला येतं. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. आसा रागातलं एक असं: देवाला आंघोळ घालायला घडाभर पाणी आणलं, पण पाण्यात ४२ लाख जीव, ते आधीच तिथं, मग विठ्ठलाला काय देऊ? फुलं आणली, भुंग्यानं आधीच वास घेतलाय. दूध आणलं, वासरानं उष्टं केलंय. गुजरी रागात त्याहून थेट, एका दगडावर माया, दुसऱ्यावर पाय, तो देव असेल तर हा पण देव.
औंढ्यात पाय कुठं ठेवू विचारणारा म्हातारा आता नामदेवांच्याच तोंडून बोलायलाय. आणि हे म्हणूनही विठ्ठल सुटलेला नाही, त्याच पदात तो आहे.

गीताप्रेमी
ती पदं याच नामदेवांची का दुसऱ्या कुणाची, यावर वाद आहे.

नांदेड_हिंगोली
आहे. पण घडा भरलेला आहे ना त्यात, ते बघा.

चाकावरचा
घडाभर पाणी! कच्च्यात थांबलं नसतं.

चार_तास_कीर्तन
तेरला जायचं म्हणतो या रविवारी. धाराशिवहून सकाळची एसटी कितीला? लामतुरे संग्रहालय पण बघायचंय.

बार्शीवाला
रविवारी बघून जा, बंद असलं तर हेलपाटा. आणि रांजण घ्यायचा असेल तर चाकावरच्यांना विचारा.

चाकावरचा
घेताना पेर वाजवा, आणि कोरड्या जागेत ठेवून रात्रभर पाणी भरून बघा. पाझरलं तर चालतं, त्यानंच पाणी गार होतं. खाली थारोळं दिसलं तर परत आणा.

गोदाकाठची
त्या पोराला आता ही सगळी चर्चा कुणी दाखवणार? आमच्या गल्लीतला नाही तो.