मदत हवी आहे: टीव्हीवर सिनेमा, स्टँडर्ड, व्हिविड, स्पोर्ट्स यांपैकी कधी कोणता मोड लावायचा?

निशाचर: सिनेमा मोड लावला की चित्र पिवळट आणि मंद दिसतं. व्हिविड घरात सगळ्यांना आवडतो, पण त्यात गोरे चेहरे नुसते पांढरे फटक होतात. फुटबॉलसाठी स्पोर्ट्स मोड लावते, तर लांब किक मारली की चेंडूमागे शेपूट येतं, मध्येच चेंडू तुटतोही. प्रत्येक वेळी मोड बदलत बसायचं का?

बिनधास्त: सिनेमा मोड फक्त अंधाऱ्या खोलीसाठी असतो. बाकी वेळी व्हिविड लावा आणि मोकळे व्हा. एवढा टीव्ही घेतलाय तो चमकायला नको?

जुना तंत्रज्ञ: अंधाराचं अर्धंच खरं आहे. सिनेमा मोड मंद वाटला तर तोच ठेवून बॅकलाइट वाढवा. 'ब्राइटनेस'ला मात्र जपून हात लावा. बऱ्याच टीव्हींवर त्याने काळा रंग वरखाली होतो. रात्रीच्या दृश्यात काळ्या कोटाच्या घड्या बघा. घड्या गायब असतील तर तो कमी पडलाय, कोट राखाडी दिसला तर जास्त झालाय.

पिवळट वाटतं, कारण नजर निळसर पांढऱ्याला सरावलेली असते. व्हिविडमध्ये पांढरा निळाच असतो, स्टँडर्डमध्येही बहुधा. चित्रपटाचे रंग ठरवताना पांढरा साधारण 6500 केल्विनचा धरतात आणि सिनेमा मोड त्याच्या जवळ जातो. चार दिवस तसाच ठेवा, मग व्हिविडच निळा दिसेल.

चेंडूचं शेपूट मोशन स्मूदिंगचं आहे. टीव्ही दोन फ्रेममध्ये स्वतःची एक फ्रेम घुसडतो. चेंडू लहान आणि वेगवान, त्यामुळे तो कुठे असेल हा अंदाज चुकतो. स्पोर्ट्स मोडमध्ये हे बहुतेकदा जोरात असतं, वर गवत विषारी हिरवं. सामन्याचं प्रक्षेपण मुळातच सेकंदाला 50 किंवा 60 चित्रांचं असेल, तर याची फारशी गरजच नाही. मी तर सामना स्टँडर्डमध्ये बघतो, स्मूदिंग बंद करून. बातम्यांनाही स्टँडर्डच.

बटणबहाद्दर: माझ्याकडे गेम खेळताना बटण दाबल्यावर उशिरा उडी मारली जाते. सिनेमा लावू का?

जुना तंत्रज्ञ: अहो, तुमचा प्रश्न वेगळा आहे. त्याला गेम मोड लावा, तो मधली प्रक्रिया कमी करतो.

निशाचर: स्टँडर्डमध्ये स्मूदिंग बंद केलं, शेपूट गेलं! पण सिनेमा मोडमध्ये कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं. आणि एचडीआर चित्रपट लावला की माझ्या सेटिंग्ज गायब.

जुना तंत्रज्ञ: एचडीआरच्या सेटिंग्ज वेगळ्या साठवल्या जातात. असा चित्रपट चालू असतानाच एकदा बदला. अडखळणं चित्रपटाच्या सेकंदाला 24 फ्रेममुळेच आहे. स्मूदिंगमध्ये 'जडर'चा, म्हणजे हे अडखळणं कमी करायचा, आकडा वेगळा दिलेला असेल तर तो दोन-तीनवर न्या. त्याहून वर गेलात तर चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो.

बिनधास्त: मला तसाच आवडतो बुवा. आणि कार्टूनला तरी व्हिविड चालेल ना?

जुना तंत्रज्ञ: कार्टूनला चालेल, तिथे कातडीचा रंग बिघडायचा प्रश्न नाही.

निशाचर: दुपारी खिडकीतून ऊन येतं तेव्हा बॅकलाइट पूर्ण वाढवूनही सिनेमा फिकाच. तेव्हा स्टँडर्ड लावू की पडदा ओढू?