सेलमधली सूट नक्की कशातून वजा करायची?

वाटसरू: सेल म्हणजे शुद्ध लूट. आधी भाव चढवायचे, मग उतरवायचे. आयफोन 16 वर म्हणे 27,901 रुपये सूट! एक रुपयाही खरा नसतो. पटत नसेल त्याने सिद्ध करून दाखवावं.

कृष्णाकाठ: दाखवतो, कारण असल्या सरसकट बोलण्याने लोक खरी संधीही सोडतात. फ्लिपकार्टच्या 2025 च्या बिग बिलियन डेज सेलमध्ये आयफोन 16 ची जाहिरात 51,999 ची होती. तुमचा 27,901 हा आकडा 79,900 मधून वजा करून आलाय, आणि 79,900 ही सप्टेंबर 2024 मधली लाँचची किंमत. आयफोन 17 जाहीर झाला तो सेलच्या दोनच आठवडे आधी, आणि तेव्हा अ‍ॅपलनेच 16 ची किंमत 69,900 वर आणली. म्हणजे त्यातले 10,000 सेलने दिलेले नाहीत, ते मॉडेल जुनं झाल्याचे. उरले 17,901.

आता त्यातले खरे किती, ते भावाच्या आलेखावरून कळतं. अ‍ॅमेझॉनसाठी कीपा ही जुने भाव दाखवणारी साइट उघडा, सहा महिने मागे जा आणि बहुतेक दिवस रेघ कुठे होती ते बघा. सर्वात उंच टोकाशी तुलना करू नका. रेघ सेलच्या दोन-तीन आठवडे आधी वर गेली आणि सेलमध्ये जुन्याच जागी आली, तर ती सूट नाही. सहा महिन्यांच्या तळाच्याही खाली गेली, तर मुकाट्याने घ्या.

वाटसरू: मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या फोनची रेघ सेलआधी आठवडाभर डोंगरासारखी वर होती. आता काय म्हणणार?

कृष्णाकाठ: तो भाव कुठल्या विक्रेत्याचा होता ते पाहिलंत का? मुख्य विक्रेत्याचा माल संपला की पानावर दुसऱ्याच कुणाचा चढा भाव दिसतो. शिवाय 128 आणि 256 जीबीचे आलेख वेगळे. न बघता लूट लूट ओरडू नका.

वाटसरू: ओरडतोय कोण? विक्रेता कुठला हे ग्राहकाने का शोधायचं?

मधली_आळी: तुमचं चालू द्या, पण बँकेच्या ऑफरचं कुणीच का बोलत नाही? मी नो कॉस्ट ईएमआयवर 50,000 चा फोन घेतला. स्टेटमेंटमध्ये प्रोसेसिंग फी, वर व्याजावरचा जीएसटी! कॉस्ट नाही तर हे काय?

सुमनताई_ठाणे: व्याज असतंच हो. तेवढी रक्कम विक्रेता आधी किमतीतून कमी करतो आणि बँक ती व्याज म्हणून घेते. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी मात्र आपल्या माथी. सहा हप्ते, 15 टक्के दर धरला तर 50,000 वर साधारण 380 रुपये. फी वेगळी.

मधली_आळी: मग नाव नो कॉस्ट कशाला? सरळ फसवणूक आहे.

सुमनताई_ठाणे: 380 रुपयांना फसवणूक म्हणता? मी बँकेत नोकरी केली आहे. सगळं अटींमध्ये लिहिलेलं असतं.

मधली_आळी: त्या बारीक अक्षरात? तुम्ही बँकेचीच बाजू घेणार!

सुमनताई_ठाणे: बाजू नाही, हिशेब सांगितला. खरं दुखणं वेगळंच आहे. कार्डाची सूट धरून आलेली किंमत मोठ्या अक्षरात छापतात. ते कार्ड तुमच्याकडे नसेल तर तो भाव तुमचा नाहीच. आलेखातही सहसा कार्डाची सूट धरलेली नसते, म्हणून तुलना विनाकार्ड भावाशीच करावी.

दत्ता_नाशिक: मी तर कोपऱ्यावरच्या दुकानातूनच घेतो. बिघडला तर तोंड ओळखीचं असतं.

कृष्णाकाठ: दत्ताभाऊ, प्रश्न सूट खरी की खोटी हा आहे.

पल्लवी_के: आणि वयाचं काय? रेघ तळाला गेली म्हणून घ्या, हे मला अर्धवट वाटतं. गॅलेक्सी एस23 एफई ऑक्टोबर 2023 मध्ये 59,999 ला आला. सुरक्षा अपडेट पाच वर्षं, आणि ती मोजायची लाँचपासून, आपण घेतल्यापासून नाही. 2025 च्या सेलमध्ये घेणाऱ्याला तीनच वर्षं उरली. एस24 एफई वर्षभराने त्याच 59,999 ला आला, पण सात वर्षं अपडेट, म्हणजे 2031 पर्यंत. तेव्हा सेलमधला भाव उरलेल्या वर्षांनी भागून बघा. स्वस्त दिसणारा जुना फोन वर्षागणिक महाग पडू शकतो.

कृष्णाकाठ: बरोबर आहे. पण चार वर्षं फोन वापरतंय कोण?

पल्लवी_के: आमच्या घरात सगळेच.

वाटसरू: आयफोनचं मानलं, एक रुपयाही नाही हे जास्त झालं. पण सेलच्या तोंडावर जे स्वस्त फोन येतात, त्यांचं काय? एमआरपी 24,999, सेलमध्ये 16,999, आणि मागचा आलेखच नाही!

कृष्णाकाठ: तिथे आलेख हात टेकतो. छापलेली एमआरपी सोडून द्या. तोच प्रोसेसर असलेला दुसरा फोन त्या दिवशी कितीला मिळतो ते बघा.

वाटसरू: म्हणजे ती 8,000 ची सूट कागदावरचीच. मी हेच म्हणत होतो.