शब्दचर्चा : बीमची ‘खोली’ नेमकी कुठून मोजायची?

अर्धीवीट
स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर बीमपाशी B7 230×600 लिहिलेलं असतं. मराठीत टिपण करताना मी ‘रुंदी २३०, खोली ६००’ असं लिहिलं. शंका दोन आहेत. ‘खोली’ म्हटलं की वाचणारा आधी बेडरूम शोधतो, मग दुसरा शब्द कोणता? आणि हे ६०० मोजायचे कुठून? मी सेक्शनमध्ये स्लॅबच्या तळापासून खाली ६०० बीम दाखवला, तर दारावर लिंटेलला जागाच उरत नाही. फ्लोअरिंग ते फ्लोअरिंग ३०००, स्लॅब १२५, फ्लोअरिंगची जाडी ६०, दार २१००. सगळं मिलिमीटरमध्ये.

ओळंबा
दुसरी शंका आधी घेऊ, पहिलीचं उत्तर तिच्यात दडलंय. ६०० हे स्लॅबच्या माथ्यापासून बीमच्या तळापर्यंत. स्लॅब आणि बीमचं काँक्रीट एकदमच भरतात, त्यामुळे वरचे १२५ दोघांच्या सामाईक मालकीचे. स्लॅबखाली दिसणारा बीम फक्त ४७५.

तुमचा हिशोब असा. खालच्या फ्लोअरिंगपासून वरचं फ्लोअरिंग ३००० वर. त्यातून वरच्या फ्लोअरिंगचे ६० वजा केले की स्लॅबचा माथा २९४० वर येतो. त्यातून ६०० गेले, बीमचा तळ २३४०. दार २१०० ला संपलं तर वर २४० उरतात. १५० चा लिंटेल बसतो आणि वर ९० ची भर राहते. तुम्ही १२५ दोनदा धरलेत, म्हणून तळ २२१५ वर गेला आणि हातात ११५ च राहिले.

खात्री करायची तर त्याच शीटवर बीमचा छेद शोधा. मापाची रेघ स्लॅबच्या माथ्यापर्यंत गेलेली असेल आणि रिंगही स्लॅबमध्ये वरपर्यंत शिरलेली दिसेल.

चौकटराजा
सेंटरिंगवाल्यांकडे याला दोन मापं असतात. आतल्या बीमच्या बाजूची फळी ४७५ ची, आणि इमारतीच्या कडेच्या बीमला बाहेरची फळी पूर्ण ६०० ची, कारण बाहेरून स्लॅब नसतो. ४७५ ला ते ‘ड्रॉप’ म्हणतात. बीमला मात्र ‘सहाशेचा बीम’च म्हणतात. तेव्हा ६०० ला ‘एकूण उंची’ म्हणा आणि ४७५ ला ‘ड्रॉप’. ‘खोली’ खड्ड्याला आणि विहिरीला राहू द्या.

शुद्धलेखन
‘एकूण उंची’ मान्य. पण तेवढ्यासाठी ‘ड्रॉप’ कशाला? ‘लोंब’ म्हणता येईल.

चौकटराजा
लोंब भाताला असते.

रेषेवरची मुंगी
सोपा नियम सांगते. कुठेही दोन आकडे दिसले की पहिला आडवा आणि दुसरा उभा. बीम असो, कॉलम असो, शीटवर तसंच वाचायचं.

ओळंबा
बीमपुरतं बरोबर, आणि तिथेही ‘उभा’ म्हणजे जमिनीपासून वर, शीटवरचा उभा नाही. कॉलमला हा नियम लावलात तर घोटाळा होईल. C4 230×600 मधले दोन्ही आकडे प्लॅनमधले आहेत, उंची त्यात नाहीच. ६०० ची बाजू कुठल्या दिशेला, हे आकड्यांच्या क्रमावरून ठरत नाही. कॉलमच्या टेबलात तोच C4 एकदाच येतो आणि प्लॅनवर एका ठिकाणी आडवा, दुसऱ्या ठिकाणी उभा असू शकतो. दिशा कॉलमच्या लेआउटवरून घ्यायची, आकार टेबलातून. दार कॉलमला खेटून असेल तर हे आधी तपासा. २३० ऐवजी ६०० ची बाजू भिंतीच्या लांबीत आली की दाराचे ३७० गिळले जातात.

गजानन लोखंडे
मापांवर एवढी चर्चा कशाला? खरं तर स्टील बघायचं असतं. माझ्यासमोरच्या ड्रॉइंगवर बीमच्या टेबलात 2-16T लिहिलंय, म्हणजे वर दोन सळ्या. खाली किती ते लिहिलेलंच नाही. ड्रॉइंग चुकलंय का?

ओळंबा
मूळ प्रश्न मापाचा आहे, पण हेही शब्दाचंच प्रकरण आहे. इथला T ‘टॉप’चा नाही. १६ मिमी व्यासाच्या दोन सळ्या, एवढाच अर्थ. T आला ‘टॉर’वरून, म्हणजे पिळाच्या सळईवरून. आता टीएमटी वापरतात, पण अक्षर टिकून राहिलं. वर की खाली हे टेबलाच्या रकान्यावरून कळतं. तुमची नोंद कुठल्या रकान्यात आहे ते बघा.

गजानन लोखंडे
रकान्याचं डोकं दुसऱ्या शीटवर राहिलंय. बघतो.

अर्धीवीट
B7 सुटला. त्याच प्लॅनवर टॉयलेटच्या स्लॅबला S5 125 (-300) आहे आणि त्याच्या कडेला B9 230×375. शिवाय B11 230×600 (INV). यांची बेरीज कशी करू?

ओळंबा
S5 मध्ये स्लॅबचा माथा ३०० ने खाली उतरवलाय. त्याचा तळ नेहमीच्या माथ्यापासून ४२५ वर जातो. B9 चा तळ ३७५ वरच थांबतो, म्हणजे सन्क स्लॅब बीमच्याही खाली ५० दिसेल. शिवाय स्लॅबला कडेला नीट टेकायला जागा मिळत नाही. B9 किमान ४२५ चा हवा, ४५० केला तर बरा. हे स्वतः दुरुस्त करू नका, इंजिनिअरला लेखी विचारा. कदाचित टाइप करतानाच चूक झाली असेल.

INV म्हणजे उलटा बीम. त्याचा तळ स्लॅबच्या तळाशी सपाट असतो, त्यामुळे खालच्या खोलीत काही दिसत नाही. उरलेले ४७५ वरच्या मजल्यावर उभे राहतात. ६० चं फ्लोअरिंग झाल्यावरही ४१५ चा कट्टा शिल्लक. म्हणून एरवी स्लॅबचं फ्रेमिंग खालच्या मजल्याच्या प्लॅनवर ठेवून बघता, INV साठी ते वरच्या मजल्याच्या प्लॅनवर ठेवा. B11 वर भिंत असेल तर ठीक, दार असेल तर अडलंच.

रेषेवरची मुंगी
INV लिहिलं नसेल तरी रेघेवरून कळतं ना? खालचा बीम तुटक रेघेत, उलटा बीम सलग रेघेत.

चौकटराजा
वरून पाहून काढलं असेल तर तसंच. पण काही ऑफिसं सगळे बीम सलगच काढतात. नुसत्या रेघेवर विसंबून सेंटरिंग लावू नये.

अर्धीवीट
आणि ते उणे ३०० नक्की कशापासून? शेजारच्या स्लॅबच्या माथ्यापासून, की फ्लोअरिंगपासून?

ओळंबा
मी वर स्लॅबच्या माथ्यापासून धरलंय. बहुतेक ठिकाणी तसंच असतं. फ्लोअरिंगपासून असेल तर खड्डा २४० चाच होतो, सन्कचा तळ ३६५ वर येतो आणि मग B9 चे ३७५ अगदी बरोबर बसतात. म्हणजे चूक B9 मध्ये नसून आपल्या वाचण्यात असू शकते. पण ट्रॅपला आणि पाइपच्या उताराला २४० पुरतील का, ते प्लंबिंगवाल्याला विचारावं लागेल.

शुद्धलेखन
‘सन्क’ला ‘खोलगट स्लॅब’ चालेल का?

अर्धीवीट
पुन्हा खोली आलीच. जनरल नोट्समध्ये ‘लेव्हल स्लॅबच्या माथ्याच्या आहेत’ अशी ओळ सापडत नाहीये. उद्या इंजिनिअरला (-300) आणि B9 दोन्ही एकाच मेलमध्ये विचारते.